पाच सिम, एक बिल: दुकानाच्या नावावर पोस्टपेड घेताना

आमचं जयसिंगपुरात मोटार पंप आणि पीव्हीसी पाइपचं दुकान आहे. दुकान माझ्या नावावर, म्हणजे मालकी पद्धतीचं. काउंटरवर एक जण, टेम्पोवर एक, मोटारी भरणारा वाइंडिंग मिस्त्री आणि उधारी वसुलीला फिरणारा एक, अशी चार माणसं, आणि पाचवी मी. २०२४च्या दिवाळीनंतर वसुलीचा मुलगा काम सोडून गेला. भांडण वगैरे काही नाही, त्याला कुपवाडला कारखान्यात नोकरी लागली. पण शिरोळ तालुक्यातल्या निम्म्या शेतकऱ्यांकडे दुकानाचा म्हणून त्याचाच नंबर होता. मोटार जळली की फोन त्याला, पैसे पाठवायचे तर विचारणा त्याला. बिचारा महिनाभर "वहिनींना लावा" म्हणून सांगत राहिला.

शिवाय रिचार्जचा वैताग होताच. प्रत्येकाच्या स्वतःच्या नंबरवर आम्ही रिचार्ज मारून द्यायचो. अठ्ठावीस दिवसांचा रिचार्ज वर्षातून तेरा वेळा येतो, पाच नंबरांच्या पाच वेगळ्या तारखा, आणि त्यातल्या एकाही पैशावर दुकानाच्या नावाचं जीएसटी बिल नाही. म्हणून ठरवलं की दुकानाच्या मालकीचे पाच नंबर घ्यायचे आणि सगळ्यांचं मिळून एकच बिल यायचं.

१० फेब्रुवारीला कंपनीच्या स्टोअरमध्ये गेले (कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही). काउंटरवरच्या मुलीने लगेच फॅमिली प्लॅन पुढे केला. त्यातही बिल एकच येतं, दरही बरा होता. पण ते बिल माझ्या वैयक्तिक नावावर येणार होतं, त्यावर दुकानाचा जीएसटी नंबर बसत नव्हता. मी नको म्हटल्यावर तिने कॉर्पोरेट विभागाच्या मुलाचा नंबर दिला. त्याने फोनवर पहिलाच प्रश्न टाकला, "मॅडम, सीओसीपी की सीओआयपी?" त्याचा अर्थ त्याच्याकडूनच समजून घेतला. पहिल्या प्रकारात नंबर धंद्याचा आणि बिलही धंदा भरतो. दुसऱ्यात नंबर धंद्याचा असला तरी बिल ज्याचं तो भरतो. आपल्यासारख्या दुकानाला पहिला प्रकार हवा. हे आधी माहीत असलं की पुढचं बोलणं निम्मं होतं.

तो म्हणाला, "लेटरहेडवर एक अर्ज द्या, बाकी मी बघतो." नमुना मागितला तर व्हॉट्सअॅपवर दोन ओळींचा आला: आम्हाला पाच जोडण्या द्याव्यात, ही विनंती. आमचे अकाउंटंट काका तो वाचून म्हणाले, "ह्यात तुम्हाला काय पाहिजे ते कुठंय? हे फक्त त्यांना काय पाहिजे ते आहे." मग आम्ही दोघांनी बसून अर्ज नव्याने लिहिला. पुढे ज्या ज्या अडचणी आल्या त्यात हाच कागद कामी आला, म्हणून जसाच्या तसा देते.

"प्रति,
मा. व्यवस्थापक, व्यवसाय जोडणी विभाग

विषय: दुकानातील कर्मचाऱ्यांसाठी पाच पोस्टपेड जोडण्या एकत्रित बिलावर मिळणेबाबत.

महोदय,
मी वरील पत्त्यावरील दुकानाची मालक आहे. दुकानाच्या कामासाठी आम्हाला पाच मोबाइल जोडण्या हव्या आहेत. त्यापैकी चार नवीन असून एक माझ्या नावावरील चालू प्रीपेड नंबर दुसऱ्या कंपनीतून पोर्ट करून आणायचा आहे. याबाबत पुढीलप्रमाणे विनंती आहे.

१. पोर्ट होणाऱ्या नंबरासह पाचही जोडण्या एकाच मूळ खात्याखाली असाव्यात व दरमहा एकच बिल यावे. बिलात प्रत्येक नंबरचा खर्च स्वतंत्र दाखवावा.
२. बिलावर जीएसटी प्रमाणपत्रातील कायदेशीर नाव, व्यापारी नाव व जीएसटी क्रमांक पहिल्या बिलापासून छापावा.
३. पाचही नंबरांवर आंतरराष्ट्रीय कॉल, आंतरराष्ट्रीय रोमिंग व सशुल्क मूल्यवर्धित सेवा बंद असाव्यात. त्या सुरू करण्याची विनंती केवळ माझ्या सहीनेच ग्राह्य धरावी.
४. प्लॅनचा मासिक दर, अनामत रक्कम, प्रत्येक नंबरची खर्चमर्यादा आणि किमान मुदतीची अट असल्यास ती लेखी कळवावी.
५. कर्मचारी काम सोडून गेल्यास नंबर दुकानाकडेच राहील. वापरकर्ता बदलण्याची पद्धत कळवावी.

सोबत: जीएसटी नोंदणी प्रमाणपत्र, दुकाने व आस्थापना सूचनेची पावती, उद्यम प्रमाणपत्र, माझे पॅन व आधार, कर्मचाऱ्यांची यादी.

आपली विश्वासू,
(सही व शिक्का)"

१७ फेब्रुवारीला अर्ज दिला. दोन प्रती नेल्या आणि एकीवर तारखेसह पोच मागितली. स्टोअरमधला माणूस म्हणाला, इथे असं कोणी पोच घेत नाही. मी म्हटलं, आज घ्या. शेवटी त्याने शिक्का मारून दिला. घरी येऊन तोच अर्ज स्कॅन करून कॉर्पोरेटच्या मुलाला ईमेल केला, म्हणजे दोन्हीकडे तारीख लागली.

कागदपत्रांवर पहिला खोळंबा झाला. त्याला "गुमास्ता लायसन्स" हवं होतं. महाराष्ट्रात २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार आमच्यासारख्या चार माणसांच्या छोट्या दुकानाला नोंदणी प्रमाणपत्र नसतं. ऑनलाइन सूचना द्यायची आणि तिची पावती घ्यायची, एवढंच. त्यांच्या तपासणी यादीत मात्र "प्रमाणपत्र" असा शब्द, त्यामुळे कंपनीच्या बॅक ऑफिसने पावती परत पाठवली. मी वाद घालत बसले नाही. जीएसटीचं प्रमाणपत्र आणि उद्यम प्रमाणपत्र मुख्य पुरावा म्हणून धरायला सांगितले आणि पावती जोडपत्र म्हणून ठेवली. तेवढ्यावर फाइल पुढे सरकली.

मालकी दुकान असेल तर एक गोष्ट आधीच बघून ठेवा. जीएसटी प्रमाणपत्रावर दोन नावं असतात. कायदेशीर नाव म्हणजे मालकाचं, पॅनवर असतं ते. व्यापारी नाव म्हणजे दुकानाचं. फॉर्ममध्ये "कंपनीचं नाव" या रकान्यात आपण सहज दुकानाचं नाव लिहून मोकळे होतो, आणि मग पॅनशी ते जुळत नाही म्हणून फाइल अडते. मी दोन्ही नावं लिहिली, आधी माझं आणि पुढे दुकानाचं.

२४ फेब्रुवारीला ईमेलने उत्तर आलं. प्रत्येक नंबरला दरमहा ३४९ रुपये अधिक कर, प्रत्येकी ५०० रुपये परत मिळणारी अनामत, किमान मुदतीची अट नाही. चौथा मुद्दा लिहिला नसता तर अनामतीचं मला पैसे भरायच्या दिवशीच कळलं असतं. तिसऱ्या मुद्द्यावर "नोंद घेतली" एवढंच होतं. ते मला पुरेसं वाटलं नाही. "बंद केल्याचं कळवा" असं परत लिहिलं, तेव्हा कुठे होकार आला.

पूर्वी कंपन्यांना सिमकार्डं घाऊक मिळायची, कोण वापरतं याची फारशी चौकशी नव्हती. फसवणुकीसाठी अशी सिमं वापरली जाऊ लागल्यावर दूरसंचार विभागाने ऑगस्ट २०२३मध्ये घाऊक जोडण्यांची पद्धत बंद करून "व्यवसाय जोडणी" आणली. आता धंद्याचं केवायसी होतं, प्रत्यक्ष वापरणाऱ्या प्रत्येक माणसाचं वेगळं केवायसी होतं, आणि धंद्याच्या जागेची प्रत्यक्ष पाहणी होते. हे सगळं झाल्याशिवाय सिम सुरू होत नाही. म्हणून "उद्या देतो" म्हणणाऱ्यावर विसंबून जुने नंबर बंद करू नका.

पाहणीला ४ मार्चला माणूस आला. दुकानाचे बाहेरून फोटो काढले, आतले काढले, मोबाइलवर ठिकाण नोंदवलं. मग म्हणाला, "मॅडम, बोर्डवर नाव वेगळं आहे." खरंच होतं. बोर्ड सासऱ्यांच्या काळातला, त्यावर दुकानाचं नाव अर्धंच आहे. पण खाली जीएसटी नंबर रंगवलेला होता. नियमाने तो नामफलकावर लिहावाच लागतो आणि प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावावं लागतं. ते फ्रेम करून गल्ल्याच्या मागे लावलेलं होतंच. त्याने दोन्हींचे फोटो जोडले, नंबर जुळला आणि नावाचा प्रश्न मिटला.

खरी समजूत घालावी लागली ती आमच्याच माणसांची. टेम्पोवाल्याने आधार द्यायला साफ नकार दिला. "वहिनी, माझ्या आधारवर सिम काढलं आणि उद्या बिल थकलं तर माझ्या दारात येतील की." त्याचं काही चुकत नव्हतं. त्याला पोच घेतलेला अर्ज दाखवला. खातं माझं, बिलावर नाव माझं, त्याचं आधार फक्त हा नंबर कोणाच्या हातात आहे एवढ्यासाठी. तरी त्याने दोन दिवस घेतले आणि भावाला विचारून आला. ज्यांच्या दुकानात माणसं नवीन आहेत त्यांनी हे बोलणं केवायसीच्या दिवशी न करता आधीच उरकावं.

८ मार्चला, शनिवारी, केवायसीसाठी कंपनीचा मुलगा यंत्र घेऊन दुकानात आला. काउंटरवरच्याचं पाच मिनिटांत झालं. मिस्त्रीचा अंगठा काही केल्या उमटेना. वर्षानुवर्षं तांब्याची तार ओढून आणि वार्निशमध्ये हात घालून त्याच्या बोटांवरच्या रेषाच झिजल्या आहेत. दहाही बोटं लावून झाली. अशा वेळी दुसरी सोय असते: मूळ ओळखपत्राचा आणि माणसाचा तिथल्या तिथे फोटो काढून डिजिटल केवायसी करता येतं. त्या मुलाला ते माहीत होतं, पण जास्त वेळ लागतो म्हणून तो टाळत होता. मिस्त्री, गवंडी, शेतमजूर अशी माणसं असतील तर मूळ आधार कार्ड किंवा मतदार ओळखपत्र घरून आणायला सांगाच. मोबाइलमधला फोटो चालत नाही.

नवे नंबर निवडताना मी फक्त लक्षात राहायला सोपे बघत होते. काउंटरवरचा मुलगा शहाणा. त्याने पुढे केलेल्या यादीतला प्रत्येक नंबर आधी व्हॉट्सअॅपवर टाकून बघितला. दोन नंबरांवर कोणाचे तरी फोटो दिसले. बंद झालेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला दिला जातो, आणि जुन्या मालकाचे बँकेचे मेसेज, कर्जवसुलीचे फोन नव्याच्या माथी येतात. ते दोन वगळले. तरीही वसुलीच्या नव्या मुलाला पहिल्याच आठवड्यात कुठल्याशा फायनान्सचे फोन सुरू झाले. वसुली करणाऱ्याचीच वसुली, म्हणून दुकानात आठवडाभर हसू चाललं होतं. हा नंबर आता दुसऱ्याच्या नावावर आहे असं त्या फायनान्सला ईमेलने कळवल्यावर ते थांबले.

चार नवी सिमं ११ मार्चला सुरू झाली. राहिला माझा नंबर, गिऱ्हाइकांकडे वर्षानुवर्षं असलेला. जुन्या सिमवरून १९०० या क्रमांकावर PORT लिहून, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर पाठवायचा. उत्तरात आठ अक्षरांचा कोड येतो, तो आपल्याकडे चार दिवस चालतो. मी तो ११ तारखेलाच मागवून त्याच दिवशी दिला. एकाच सर्कलमध्ये पोर्टिंगला तीन कामाचे दिवस लागतात. १४ तारखेला धुळवड होती आणि मध्ये शनिवार-रविवार, त्यामुळे नंबर १७ मार्चला सोमवारी आला. जुन्या प्रीपेडवरचे उरलेले दिवस आणि शिल्लक बुडते, म्हणून रिचार्ज संपत आला की मगच पोर्ट करा. मी तसंच केलं होतं.

पहिलं बिल ३ एप्रिलला आलं. बिलं, म्हणायला हवं, कारण ती दोन होती.

एक होतं चार नंबरांचं. ११ ते ३१ मार्च म्हणजे २१ दिवस, म्हणून ३४९ भागिले ३१ गुणिले २१, प्रत्येकी २३६.४२ रुपये. चारांचे ९४५.६८, त्यावर १८ टक्के जीएसटी १७०.२२, एकूण १,११५.९० रुपये. बरोबर होतं. दुसरं बिल एकट्या माझ्या नंबराचं: १५ दिवसांचे १६८.८७, कर ३०.४०, एकूण १९९.२७. त्याचा खाते क्रमांक वेगळा आणि त्यावर दुकानाचा जीएसटी नंबर नाही.

हे दुसरं बिल मला आधी ठीकच वाटलं होतं, कारण त्यावर २७ने सुरू होणारा जीएसटी नंबर दिसत होता. काकांनी बोट ठेवलं: तो मोबाइल कंपनीचा नंबर आहे. २७ हा महाराष्ट्राचा संकेतांक, त्यामुळे कंपनीचा इथला नंबरही २७नेच सुरू होतो. बिलावर दोन जीएसटी नंबर हवेत, एक विकणाऱ्याचा आणि एक आपला, पंधराही अक्षरं ताडून बघायची. आपला नंबर नसेल तर ते बिल साध्या ग्राहकाचं धरलं जातं, आपल्या खरेदीची बिलं पोर्टलवर ज्या यादीत दिसतात त्या जीएसटीआर-२बीमध्ये ते दिसत नाही आणि भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. (कंपोझिशन योजनेत असाल तर वजावट नसतेच, मग या भानगडीत पडायचं कारण नाही.)

तीस रुपयांसाठी कोण भांडतं? पण तो प्रकार दर महिन्याला होणार होता. झालं असं होतं: माझा जुना नंबर माझ्या वैयक्तिक नावावर होता, त्यामुळे पोर्ट होऊन येताना तो वैयक्तिक खातं म्हणूनच उघडला गेला. त्याला नंतर दुकानाच्या मूळ खात्याला जोडायचं असतं, आणि ती जोडणी कोणी केली नव्हती. कॉर्पोरेटचा मुलगा म्हणाला, "ते आपोआप होईल." स्टोअरमध्ये म्हणाले, "ते कॉर्पोरेटचं काम." मग ग्राहक सेवेला फोन करून तक्रार नोंदवली, तक्रार क्रमांक लिहून घेतला, आणि शिक्का असलेल्या अर्जाची प्रत ईमेलने पाठवली. पहिल्या मुद्द्यातल्या "पोर्ट होणाऱ्या नंबरासह" या शब्दांखाली रेघ मारून. ठरलेल्या मुदतीत काही झालं नसतं तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, त्यासाठी हा तक्रार क्रमांक लागतो. तिथवर जावं लागलं नाही. १५ एप्रिलला खातं जोडल्याचा मेसेज आला. मार्चच्या बिलावर मागच्या तारखेने जीएसटी नंबर टाकायला मात्र ते तयार झाले नाहीत. ते तीस रुपये गेले.

मेच्या सुरुवातीला एप्रिलचं बिल आलं, ते एकच. पाच नंबरांचे १,७४५, केंद्राचा कर १५७.०५, राज्याचा १५७.०५, एकूण २,०५९.१० रुपये. मागच्या पानांवर प्रत्येक नंबरचा तपशील. १४ मेनंतर काकांनी पोर्टलवर २बी उघडून दाखवलं, त्यात ही ओळ होती.

एकत्रित बिलाची एक खोट सांगते. बिल थकलं की खातं थकतं, आणि पाचही फोन एकदम बंद पडू शकतात. प्रीपेडमध्ये एकाचा रिचार्ज संपला तर चार चालू असायचे. म्हणून मी बँकेतून परस्पर भरणा लावला आहे, पण त्यावर ३,००० रुपयांची मर्यादा घातली आहे. बिल त्याच्या वर गेलं तर पैसे न कापता मला कळावं, अशासाठी.

आणि नंबर दुकानाचा झाला म्हणजे व्हॉट्सअॅप दुकानाचं झालं, असं नाही. पाचही फोनवर व्हॉट्सअॅप बिझनेसला सहा आकडी पिन लावून तो माझ्याकडे ठेवला, पिनसाठीचा ईमेलही दुकानाचाच दिला. जूनमध्ये टेम्पोवाला बदलला तेव्हा हे उपयोगी पडलं. जुन्याने सिम दिलं, मी ईमेलने वापरकर्ता बदलाची विनंती पाठवली, नव्याचं केवायसी होईपर्यंत सिम गल्ल्यात ठेवलं. चार दिवस तो नंबर माझ्या दुसऱ्या फोनवर वळवलेला होता, आणि त्या चार दिवसांत त्यावर कुरुंदवाडहून तीन इंची पाइपची एक ऑर्डरही आली.